सहा लाखांचं पॅकेज, पण हातात किती आणि कधीपासून?

प्रश्न: कॅम्पसमधून ६ लाखांची ऑफर आली आहे, त्यात ६० हजार व्हेरिएबल. जॉइनिंग १ सप्टेंबर, पण 'तारीख बदलू शकते' असंही लिहिलंय. होकार देताना याबद्दल विचारलं तर ऑफर जाईल का? मित्रासोबत वाकडला फ्लॅट बघितलाय. माझ्या वाट्याचं भाडं १२ हजार, डिपॉझिट ३० हजार. आत्ताच देऊन टाकू का?

उत्तर: बिनधास्त विचारा, फक्त क्रम सांभाळा. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७ नुसार होकार विनाअट असावा लागतो. 'व्हेरिएबलची हमी द्या, मग येतो' असं लिहिलंत तर तो होकार राहत नाही, तुमचा नवा प्रस्ताव ठरतो. तो नाकारायला कंपनी मोकळी. म्हणून आधी होकार, मग शंका. मेल इंग्रजीत जाईल, आशय असा ठेवा:

"आपली ऑफर मी स्वीकारतो. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. दोन गोष्टी समजून घ्यायच्या होत्या. व्हेरिएबल कोणत्या काळासाठी मोजतात, कधी देतात आणि वर्षाच्या मध्येच रुजू झालेल्याला तो मिळतो का? तसंच १ सप्टेंबर ही तारीख बदलल्यास किती दिवस आधी कळेल?"

हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. समजा, व्हेरिएबल एप्रिल ते मार्च असा मोजतात आणि ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यांनाच त्या वर्षी देतात. १ सप्टेंबरला गेलात तर सात महिन्यांचे, पूर्ण रेटिंगवर, ३५ हजार. तारीख ऑक्टोबरात सरकली की शून्य. शिवाय पैसे वाटायच्या दिवशी तुम्ही नोकरीत असणं बहुतेक ठिकाणी बंधनकारक असतं. म्हणून पहिल्या वर्षी ही रक्कम हिशेबात धरूच नका.

आता दरमहाचं बघू. बेसिक २५ हजार धरलं, तर ६ लाखांतून व्हेरिएबलचे ६० हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ ३६ हजार आणि ग्रॅच्युइटीचे साडेचौदा हजार बाजूला निघतात. उरतात महिन्याला सुमारे ४०,८००. त्यातून तुमचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३७,६०० च्या आसपास. सहा लाखांना बारानं भागून आलेले ५० हजार डोक्यातून काढून टाका.

यात १२ हजार भाडं बसतं. मला काळजी वाटते ती तारखेची. लिव्ह अँड लायसन्सचा करार सुरू झाला की पगार असो नसो, भाडं चालू होतं. जॉइनिंग दोन महिने लांबलं तर २४ हजार घरून मागावे लागतील, आणि लॉक-इन असेल तर करार मोडताही येणार नाही.

तेव्हा तारीख मेलवर पक्की होईपर्यंत डिपॉझिट देऊ नका. मित्राला थांबणं शक्य नसेल तर त्याला दुसरा जोडीदार बघू द्या. तुम्ही पहिला महिना पीजीत काढा आणि पहिली पगाराची स्लिप हातात आल्यावर फ्लॅट शोधा.