लिटरमागचा नफा: भाकड गाय हिशेबात धरा

"माझ्याकडे ५ दुभत्या गाई आहेत. खाद्य, मजुरी, औषधपाणी सगळं धरून एका लिटरमागे नेमके किती सुटतात, हे कसं काढायचं?"

दुभत्या गाईचा खर्च आणि तिचं दूध, एवढंच मांडलं तर उत्तर खोटं येतं. मीही पहिली दोन वर्षं तसंच मांडत होतो आणि कागदावर नफा दिसूनही हातात पैसा का राहत नाही, हे कळत नव्हतं. भागायचं असतं सगळ्या गोठ्याच्या खर्चाला, आणि तेही विकलेल्या दुधाने.

मी हिशेब पैशात न करता लिटरमध्ये करतो. कुठलाही खर्च भागिले तुमचा दूधदर, म्हणजे तो खर्च किती लिटर दूध खातो ते कळतं. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे तुमचे घाला.

समजा ५ गाई आणि २ कालवडी आहेत. वर्षाची सरासरी काढली तर ५ पैकी ४ दुधात आणि १ भाकड असते. दुधातली गाय सरासरी १२ लिटर देते, म्हणजे रोज ४८ लिटर. वासरांचं आणि फेकावं लागणारं मिळून ३ लिटर वजा केले की ४५ उरतात. घरी ठेवलेलं दूध मात्र वजा करू नका, ते विकलं असंच धरा.

आता खुराक. गाईला शरीर पोसायला दीड किलो आणि वर दर लिटरला साधारण ४०० ग्रॅम, या हिशेबाने १२ लिटरवालीला ६ किलोच्या आसपास लागतो. चौघींचा २४, भाकड गाईचा २ आणि कालवडींचा ४, असा ३० किलो. एक किलो खुराकाला पाऊण लिटरपेक्षा थोडं कमी, ०.७ लिटर दूध जात असेल तर हे २१ लिटर झाले. हिरवी आणि कोरडी वैरण मोठ्या जनावराला २ लिटर आणि कालवडीला १ धरली तर आणखी १२. चारा स्वतःच्या रानातला असला तरी तो विकला असता तर काय मिळालं असतं, तो भाव लावा.

मजुरीत स्वतःचे तास धरा. आठ तासांच्या दिवसाची मजुरी १० लिटरएवढी असेल आणि तुम्ही ५ तास गोठ्यात असाल, तर साधारण ६ लिटर. रेतन, लसी, जंताचं औषध, डॉक्टरची फी यांचा वर्षाचा आकडा ३६५ ने भागा, समजा २ लिटर. वीज आणि किरकोळ १.

एकूण ४२. उरले ३, म्हणजे एका लिटरमागे जेमतेम ६७ मिली. ते लिटरमध्ये, म्हणजे ०.०६७, धरून तुमच्या दराने गुणलं की नफा. हीच गाय एकटी धरून फक्त खुराक आणि वैरण वजा केली असती तर लिटरमागे जवळजवळ ४८० मिली दिसले असते!

दोन ठिकाणी दुहेरी नोंद होते, तेवढं जपा. कालवडींचा खर्च धरला असेल तर गाईची घसारा म्हणून वेगळी रक्कम लावू नका, कारण म्हाताऱ्या गाईची जागा त्याच कालवडी घेणार आहेत. आणि दगडी, म्हणजे कासेला सूज, झालेल्या गाईचं फेकलेलं दूध खर्चात लिहू नका, विकलेल्या दुधात ते आधीच कमी झालेलं असतं. पण वेगळ्या वहीत ते नक्की मांडा. माझ्या एका गाईला दगडी झाली तेव्हा औषधाचं बिल ४० लिटरचं होतं. उपचाराचे आणि औषधाच्या वेष्टनावर लिहिलेल्या, दूध न वापरायच्या मुदतीचे मिळून ७ दिवस दूध फेकलं, ते ८४ लिटर. पुढे त्या वेतात ती रोज लिटरभर कमीच देत राहिली. बिलात दिसतो तो यातला सगळ्यात लहान तुकडा.

आता हाच हिशेब एक गाय जास्त भाकड धरून करा. दूध ३६, वजा ३, राहिले ३३. खुराक फक्त ४ किलोने कमी झाला, म्हणजे खर्च ३९ वर आला. रोज ३ लिटर सुटत होते तिथे ६ लिटर खिशातून जायला लागले. मजुरी, वैरण, वीज काहीच कमी होत नाही, म्हणून हे होतं.

त्यामुळे खुराक २५ पैशांनी स्वस्त कुठे मिळतो हे शोधण्याआधी मी माजाची तारीख बघतो. एक माज चुकला की २१ दिवस गेले, आणि भाकड गाय रोज सुमारे साडेतीन लिटरचं खाते, म्हणजे सत्तरेक लिटर. मुका माज असलेल्या गाई तर हंबरतही नाहीत. पहाटे धारेआधी आणि रात्री उशिरा, गोठा शांत असताना, शेपटीखालचा चिकट स्राव बघावा लागतो. दारामागच्या पाटीवर प्रत्येक गाईपुढे विण्याची, माजाची आणि रेतनाची तारीख लिहा, आणि विण्यापासून ९० दिवस उलटूनही रेतन न झालेल्या गाईला डॉक्टरांकडून तपासून घ्या.