दिवाळीच्या सुकामेव्याचा डबा घेताना

डबा हातात घेतलास की आधी निव्वळ वजन वाच. गेल्या वर्षी मला दाखवलेला 900 रुपयांचा डबा चांगला जड होता, पण आत माल फक्त 400 ग्रॅम. बाकी सगळा पुठ्ठा आणि काच. तेच जिन्नस त्याच दुकानात सुटे 520 रुपयांना मिळत होते. डब्याचे शंभर-सव्वाशे रुपये मी समजू शकते, 380 नाही.

काजूवर ‘डब्ल्यू 320’ असेल तर पाउंडात साधारण 300 ते 320 दाणे, म्हणजे 100 ग्रॅममध्ये सत्तरच्या आसपास. ‘240’चे दाणे मोठे, म्हणून महाग. चवीत फरक नसतो गं.

ताजेपणासाठी अक्रोड चावून बघ. खवट सगळ्यात आधी तोच होतो.