मागे कोणी बसलं की ब्रेक मारताना गाडी आवरत नाही, मागच्याने नक्की बसावं कसं?

मागच्याने मांड्यांनी चालवणाऱ्याची कंबर धरून, चिकटून बसायचं आणि ब्रेकच्या वेळी स्वतःचं वजन स्वतः पेलायचं. पोत्यासारखं बसणारा माणूस ब्रेक लागला की सरकून आपल्या पाठीवर येतो, ते वजन आपल्या हातांतून हँडलवर उतरतं आणि हँडल जड होतं, म्हणून गाडी आवरत नाही.

आमचे भाऊजी नव्वदीच्या पुढचे (किलो, वय नाही). सिंहगडावरून उतरताना प्रत्येक वळणावर हे उलट्या बाजूला कलायचे, म्हणजे मी डावीकडे गाडी झुकवतोय आणि हे उजवीकडे, त्यामुळे गाडी वळणाच्या बाहेर जायला बघते. वर सारखं चालू, "पुढचा ब्रेक लावू नको रे, उलटशील!" अहो, उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, पकड तिथेच जास्त, आणि नुसता मागचा दाबत बसलो तर ड्रम तापून ब्रेक लागेनासा होतो नाहीतर चाक लॉक होऊन गाडी घसरते. शेवटी कडेला थांबवली आणि सांगितलं, एक हात माझ्या कमरेवरून पुढे घेऊन तळवा टाकीवर टेकवा, दुसऱ्याने मागची दांडी धरा, वळण ज्या बाजूला त्या बाजूच्या माझ्या खांद्यावरून रस्ता बघा, बाकी काही करू नका. मी दुसरा गिअर टाकला, वळणाच्या आधी सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत लावले. त्यांनी टाकी रेटली आणि माझ्या मनगटांवरचा भार गेला. खाली येईपर्यंत हेल्मेटला हेल्मेट एकदाही आपटलं नाही, आणि ते आपटत नसेल तर समजायचं की दोघांचं जमतंय. तरी अजून प्रत्येक कार्यात पुढच्या ब्रेकचं पुराण सुरूच. सॉरी भाऊजी, पण तुम्ही चूक आहात.

खुणा निघायच्या आधीच ठरवा, खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब, कारण कर्वे रोडवर हॉर्नच्या गोंगाटात "ए थांब" ऐकू येत नाही. आणि मी "हं" म्हटल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही, माझे दोन्ही पाय जमिनीवर आणि पुढचा ब्रेक दाबलेला असला की मगच.

अंतराचं म्हणाल तर ४० च्या स्पीडला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. पुढच्या गाडीने खांब ओलांडला की आपण तिथे पोचेपर्यंत एकट्याने दोन सेकंद मोजत असाल तर डबलसीट तीन मोजा. लिव्हर जास्त दाबावा लागतो आणि मागचा दचकू नये म्हणून आपण तो हळू दाबतो, त्यात अंतर जातं. मागच्या टायरची हवापण वाढवा, डबलसीटचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो.

हां, हे सगळं बाईकचं. स्कूटरला पुढे टाकी नाही, तिथे मागची दांडी आणि मांड्या एवढंच. साडीत एका बाजूला बसणाऱ्यांना मांड्यांची पकडच नसते, त्यांनी डाव्या हाताने दांडी धरायची, उजवा चालवणाऱ्याच्या कमरेला, आणि आपण घाटात जायचंच नाही.