‘क्रिंज’ म्हणजे नेमकं काय, आणि मुलं ते सारखं का म्हणतात?

प्रश्न: माझी मुलगी अकरावीत आहे. गाणं असो, मालिका असो की माझं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस, सगळ्याला ‘क्रिंज’ म्हणते. डिक्शनरीत ‘भीतीने अंग चोरणे’ असा अर्थ दिलाय, तो कुठेच बसत नाही. मग याचा अर्थ काय, आणि ही मुलं हा शब्द इतका का वापरतात?

उत्तर:

समोरचा माणूस स्वतःचं हसं करून घेतोय, त्याला त्याचा पत्ताही नाही, आणि ते बघताना लाज मात्र आपल्याला वाटतेय. या अवस्थेला क्रिंज म्हणतात. ज्या गोष्टीमुळे असं वाटतं, ती गोष्ट आणि ती करणारा माणूस यांनाही आता क्रिंजच म्हटलं जातं.

डिक्शनरी चुकलेली नाही, ती फक्त जुना अर्थ सांगते. मुळात हे क्रियापद. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लढाईत पडणं, नमणं असा होता. पुढे भीतीने किंवा लाचारीने अंग आक्रसणं असा झाला. आजच्या अर्थातही ते आक्रसणं शिल्लक आहेच. असा व्हिडिओ बघताना मुलीकडे नीट लक्ष द्या. खांदे वर जातात, दात आवळले जातात, डोळे अर्धवट मिटतात, पायाची बोटं मुडपतात आणि ‘आई गं, बंद कर ना’ असं तोंडातून निघतं. मार बसणार म्हणून चोरावं तसंच अंग चोरलेलं असतं, कारण फक्त लाजेचं असतं, आणि तीही दुसऱ्याच्या वाट्याची.

हा नुसता बोलण्याचा भाग नाही. जर्मनीतल्या संशोधकांनी २०११ साली लोकांना फजितीच्या प्रसंगांची चित्रं दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. दुसऱ्याची वेदना बघताना मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच इथेही जागे झाले. पँटची चेन उघडी राहिलेल्या माणसासारखी, ज्याची फजिती होतेय त्याला काहीच कल्पना नसली, तरीही बघणाऱ्याला त्रास होतच होता.

आपल्याकडे ही भावना नवीन नाही. एखाद्याने भर लग्नात माइक हातात घेऊन बेसूर गायला सुरुवात केली की आपण ‘मलाच कसंतरी झालं’, ‘मीच ओशाळले’ म्हणतो. मुलांनी हा शब्द नेमका त्याच जागी बसवला आहे. ‘मला कसंतरी होतंय’च्या साच्यात ‘मला क्रिंज होतंय’. विशेषण म्हणूनही तो सहज चालला, कारण ‘लाल’ किंवा ‘सुंदर’सारखा तो कुठेच बदलत नाही: क्रिंज गाणं, क्रिंज काका, क्रिंज कमेंटी. काही जण ‘क्रिंजी’ही म्हणतात.

आता फरक कुठे आहे ते बघू. वाईट म्हणजे क्रिंज नव्हे. बेसूर गाणारा स्वतःच हसत ‘माझा आवाज भयंकर आहे, सहन करा’ म्हणाला, तर ते क्रिंज होत नाही. तोच माणूस डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, आपण मोठे गायक आहोत अशा थाटात गायला की होतं. पांचट विनोद सांगणाऱ्याला तो पांचट आहे हे माहीत असेल, तर तो फक्त पांचट. त्याने तोच विनोद सांगून टाळ्यांसाठी थांबून बघितलं, की क्रिंज. स्वतःबद्दलची समजूत आणि लोकांना दिसणारं चित्र यांच्यात अंतर पडतं, आणि ते अंतर त्या माणसाला दिसत नाही, तिथे क्रिंज असतं. म्हणूनच यात मनापासून केलेल्या गोष्टी जास्त सापडतात. अर्ध्या मनाने केलेल्या गोष्टीत हे अंतर पडायला जागाच नसते.

एक अगदी ओळखीचा प्रसंग घेऊ. कॉलेजातल्या मुलीने इन्स्टाग्रामवर ट्रिपचा फोटो टाकला. चाळीस फोटोंतून एक निवडलेला, चेहरा थोडा गंभीर, कॅप्शन म्हणून फक्त चंद्राची इमोजी. फार कष्ट घेतलेत असं दिसू नये, यासाठीच ते सगळे कष्ट. तासाभराने खाली कमेंट येते: ‘खूप गोड दिसतेस पिल्लू. लहानपणी शेंबूड पुसायला माझ्याकडे पळत यायचीस, आता किती मोठी झालीस! अभ्यास कर. – नानाकाका’, आणि पुढे सहा गुलाब. मुलगी म्हणते, ‘किती क्रिंज!’ आणि कमेंट काढून टाकते.

काकांना वाटतं, हल्ली पोरांना माया कळत नाही. पण हीच चार वाक्यं घरच्या ग्रुपवर आली असती, तर तिनेच खाली बदाम टाकला असता. अडचण जागेची आहे. त्या फोटोखाली तिच्या कॉलेजची तीनशे मुलं बघतायत आणि त्यांच्यासमोर तिने स्वतःचं एक रूप जपून उभं केलंय. काकांनी त्या गर्दीत घरचं नाव आणि शेंबूड आणून ठेवला. कमेंटखाली स्वतःचं नाव पत्रासारखं लिहिणं, ओळीने गुलाब लावणं, या गोष्टींवरून तिथल्या सगळ्यांना कळतं की काकांना या जागेची रीत ठाऊक नाही. आणि काकांना मात्र आपण छान काहीतरी लिहिलं असंच वाटतंय. सगळ्या अटी एका कमेंटीत पुऱ्या झाल्या.

पूर्वी घर, कॉलेज आणि नाका ही तीन वेगळी ठिकाणं होती आणि प्रत्येक ठिकाणी माणूस थोडा वेगळा वागायचा. फोनमध्ये ती तिन्ही एकाच पडद्यावर येतात. म्हणून हा शब्द इतक्या वेळा लागतो, असं मला वाटतं. शिवाय रील्समुळे एरवी कधी भेटली नसती अशी शेकडो माणसं रोज डोळ्यांसमोरून जातात, नाचताना, रडताना, प्रपोज करताना. या रील्स त्यांनी ओळखीच्यांसाठी केलेल्या असतात आणि बघतात अनोळखी लोक. अंतर पडायचंच. हे फक्त आपल्या मुलांचं नाही. जर्मनीत दरवर्षी तरुणांचा शब्द निवडतात, तिथे २०२१ साली ‘क्रिंज’च निवडला गेला.

दुसरं कारण वयाचं. डेव्हिड एलकाइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली मांडलं होतं की किशोरवयात मुलांना आपल्याभोवती सतत एक प्रेक्षकवर्ग आहे असं वाटतं. तो खरा नसतो, मनातला असतो. अमेरिकेत थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच मोजून दाखवलं. विद्यार्थ्यांना ओशाळवाणं वाटेल अशा एका गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर त्यांचा अंदाज जवळपास निम्म्या जणांचा होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं.

आजच्या मुलांची पंचाईत अशी की त्यांचा प्रेक्षकवर्ग नुसता मनातला राहिलेला नाही. किती जणांनी बघितलं तो आकडा पोस्टखाली दिसतो, स्क्रीनशॉट दुसऱ्या ग्रुपवर जातो, वर्षभराने तोच कोणीतरी वाढदिवसाला शोधून पुन्हा सगळ्यांसमोर आणतो. मग ‘क्रिंज’ हा शब्द ढालीसारखा वापरला जातो. नाचाची रील टाकतानाच खाली ‘क्रिंज आहे, माहितीय’ लिहून टाकलं की दुसऱ्या कोणी म्हणायची सोय उरत नाही. मला आणि समोरच्याला, दोघांनाही एकच गोष्ट क्रिंज वाटली, म्हणजे आपण एका गटातले, हेही त्यातून पक्कं होतं. तुमची मुलगी दिवसातून दहा वेळा म्हणते त्यातल्या बऱ्याच वेळा हेच चालू असतं. त्यात खरी लाज थोडीच असते; आपलं कोण आणि परकं कोण याची खूण जास्त असते.

आणि इथेच तो शब्द वाईट वळण घेतो. मे २०२० मध्ये भारतात यूट्यूबवाले आणि टिकटॉकवाले असा मोठा वाद पेटला. २९ जूनला सरकारने टिकटॉकसह ५९ चिनी अ‍ॅपवर बंदी घातली आणि लगेच पुढच्या महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स आणल्या. त्या काळात गावाकडच्या, छोट्या शहरांतल्या, साध्या फोनवर शूट करणाऱ्या मुलामुलींच्या व्हिडिओंवर ‘क्रिंज’चा शिक्का सर्रास मारला गेला. तो अजून पुसलेला नाही. शेतात नाचणाऱ्या जोडप्याचा व्हिडिओ क्रिंज, आणि तोच नाच महागड्या प्री-वेडिंग शूटमध्ये ड्रोन लावून केला की सुंदर. असं होत असेल, तर तिथे दुसऱ्याच्या वतीने वाटलेली लाज नाहीये. कपडे, उच्चार, घराची भिंत यांना हसणं चाललंय. मुलांना हे सांगायलाच हवं. त्यासाठी एकच प्रश्न पुरतो: ‘हेच पुण्यातल्या तुझ्या मैत्रिणीने केलं असतं तर म्हणाली असतीस का?’

अलीकडे काही जण मुद्दाम क्रिंज बनवतात, हेही लक्षात ठेवा. लोकांनी शेवटपर्यंत पाहिलं, मित्राला पाठवलं, खाली शिव्या दिल्या, तरी अ‍ॅपच्या हिशोबात व्हिडिओ चालला असंच धरलं जातं. अशा व्हिडिओतल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, त्यामुळे त्याच्यासाठी लाजायचं काही कारण नाही. मुलं त्यालाही क्रिंजच म्हणतात, पण हसत आणि पुन्हा पुन्हा बघत.

तुम्ही घरी काय करावं? ती ‘क्रिंज’ म्हणाली की ‘यात काय वाईट आहे?’ असं विचारू नका, वाद सुरू होतो. ‘कुठला भाग?’ असं विचारा. तिला खरंच खटकलं असेल, तर ती बोट ठेवून सांगेल: पार्श्वसंगीत, तो डायलॉग, ते तीन वेळा वळून बघणं. सांगता आलं नाही, तर शब्द नुसता सवयीने आला, सोडून द्या. मात्र ती तो स्वतःबद्दल वापरायला लागली, जुने फोटो एकेक करून काढून टाकतेय, ‘क्रिंज दिसेल’ म्हणून वर्गात हात वर करत नाही, गॅदरिंगला नाव देत नाही, असं दिसलं तर तेवढ्यावर थांबू नका. तेव्हा बसून, शांतपणे बोलायला हवं.

तुमच्या स्टेटसचं म्हणाल, तर बहुधा त्यातल्या सुविचाराशी तिचं भांडण नाही. तिच्या ज्या मैत्रिणींचा नंबर तुमच्या फोनमध्ये आणि तुमचा त्यांच्या फोनमध्ये सेव्ह आहे, त्या तो बघतात आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात तिला ऐकवतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटस प्रायव्हसीत ‘My contacts except…’ हा पर्याय आहे. त्यात त्या मैत्रिणींवर खूण करा आणि सुविचार खुशाल टाकत राहा.