अल्फा ०.८१ आला, पण तो कशाचा?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं संशोधन पद्धतीचं प्रकरण वाचलं. लोकलने रोज कामावर जाणाऱ्या स्त्रियांना प्रवासाचा किती ताण येतो, हे मोजायला तू स्वतः प्रश्नावली केलीस ते बरं केलंस. परदेशी तयार मापनीत चौथ्या सीटवर टेकून बसणं नसतं आणि रविवारचा मेगाब्लॉकही नसतो. पण त्या प्रश्नावलीबद्दल तू लिहिलंयस एवढंच: ‘सहा तज्ज्ञांकडून प्रश्नावली तपासून घेतली. ३० स्त्रियांवर पायलट घेतला. क्रोनबाख अल्फा ०.८१ आला, म्हणून प्रश्नावली विश्वसनीय आहे.’ व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक नेमका इथेच बोट ठेवेल, म्हणून या तीन वाक्यांबद्दलच लिहितो. अल्फा म्हणजे विधानांची उत्तरं आपसात किती सुसंगत आहेत याचा आकडा, एवढं आधी लक्षात ठेव.

आधी तज्ज्ञ. सहाही जण तुझ्याच विभागातले आहेत आणि त्यांनी मसुद्यावर ‘छान आहे’, ‘भाषा सोपी करा’ असे शेरे मारलेत. याला फार तर अभिप्राय म्हणता येईल. आशय सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचं त्यालाच विधानं धरून आहेत हे, दाखवायची तर प्रत्येक विधानाला प्रत्येक तज्ज्ञाने गुण द्यायला हवेत. त्यासाठी एक तक्ता कर. वर चारही उपघटकांची दोन-दोन ओळींत व्याख्या दे: गर्दी, वेळेची अनिश्चितता, सुरक्षितता, थकवा. खाली तुझी २८ विधानं आणि प्रत्येकापुढे १ ते ४ गुण: १ म्हणजे गैरलागू, २ म्हणजे बराच बदल हवा, ३ म्हणजे किरकोळ बदल हवा, ४ म्हणजे अगदी लागू. शेवटी शेऱ्यासाठी मोकळा रकाना. व्याख्या न देता तक्ता पाठवलास, तर प्रत्येक तज्ज्ञ आपापल्या मनातला ‘ताण’ धरून गुण देईल आणि त्या गुणांची बेरीज निरर्थक ठरेल.

३ किंवा ४ देणाऱ्यांची संख्या भागिले एकूण तज्ज्ञ, हा त्या विधानाचा आय-सीव्हीआय, म्हणजे आशय सप्रमाणता निर्देशांक. सहा किंवा जास्त तज्ज्ञ असले तर तो किमान ०.७८ असावा, असा संकेत आहे. तुझ्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. सहापैकी पाच जण बाजूने असतील तर ०.८३, विधान राहतं. चारच असतील तर ०.६७, विधान पुन्हा लिहायचं किंवा काढायचं. तज्ज्ञ पाच किंवा त्याहून कमी असले तर सगळ्यांचं एकमत लागतं, कारण इतक्या थोड्या लोकांत योगायोगानेही मतं जुळतात. सगळ्या विधानांच्या आय-सीव्हीआयची सरासरी ०.९० च्या वर असली की पूर्ण मापनीबद्दलही बोलता येतं.

माणसं मात्र बदल. ताणतणावावर काम केलेले दोन मानसशास्त्रज्ञ, शहरी वाहतुकीचा अभ्यास असलेली एक व्यक्ती, मापनी रचनेतला एक जाणकार आणि नोकरदार स्त्रियांबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोघी, असे सहा पुरेत. मराठीच्या प्राध्यापकांकडून भाषा जरूर तपासून घे, पण त्यांना या सहांत धरू नकोस. त्यांनी भाषा पाहायची, विधान ताणाशी लागू आहे की नाही हे ठरवायचं नाही.

तज्ज्ञांच्या नजरेतून काय सुटतं तेही पाहा. ‘गाडी उशिरा आल्याने मला ऑफिसात बोलणी बसतात’ या विधानाला सहाही जण बहुधा ४ देतील. पण तुझ्या नमुन्यात घरकाम करणाऱ्या बायका आहेत, रुग्णालयातल्या आया आहेत. त्यांनी या विधानाचं काय करायचं? तिथे ‘कामावर’ हवं. हे तज्ज्ञ सांगणार नाहीत, उत्तर देणारी बाईच सांगेल. म्हणून ३० जणींच्या आधी पाच-सहा जणींबरोबर बसायचं. तिने विधान मोठ्याने वाचायचं, यातून तिला काय कळलं ते सांगायचं आणि तिने तोच पर्याय का निवडला हे तू विचारायचं. ‘गर्दीमुळे आणि उशिरामुळे माझी चिडचिड होते’ हे विधान वाचताना तिचं पेन थांबेल, कारण तिला गर्दीची सवय झाली आहे, चिडचिड होते ती उशिराने. एका विधानात दोन गोष्टी कोंबल्या आहेत. त्याची दोन विधानं कर.

आता पायलट. तू फॉर्म दादरला फलाटावर भरून घेतलेस. गाडी आली की बाई जाणारच. तुझ्या फाइलमध्ये थकव्याची विधानं शेवटी आहेत आणि नऊ जणींची नेमकी तीच कोरी आहेत. एसपीएसएस विश्वसनीयता काढताना एकही उत्तर सुटलेली व्यक्ती पूर्ण वगळतं. म्हणजे तुझा ०.८१ तीस जणींचा नाही, एकवीस जणींचा आहे. निकालाच्या वर `Case Processing Summary` नावाचा छोटा तक्ता येतो, त्यात `Excluded` पुढे ९ लिहिलेलं दिसेल. तो तक्ता सहसा कुणी उघडून पाहत नाही. पायलट कामाच्या ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत घे किंवा सोसायटीत संध्याकाळी. फॉर्म भरायला किती मिनिटं लागली ते टिपून ठेव. आणि या ३० जणींना मुख्य अभ्यासात पुन्हा घेऊ नकोस.

मुख्य मुद्दा पुढे आहे. अल्फा एका संकल्पनेच्या विधानांचा काढायचा असतो. तू २८ विधानं एकत्र टाकलीस. अल्फा विधानांच्या आपसातल्या सहसंबंधाने वाढतो, तसाच नुसत्या विधानांच्या संख्येनेही वाढतो. २८ विधानांत सरासरी सहसंबंध अवघा ०.१३ असला, तरी अल्फा ०.८१ च्या आसपास येतो. म्हणजे एकमेकांशी जेमतेम नातं असलेली विधानं मोठ्या संख्येने जमवली तरी आकडा देखणा दिसतो. म्हणून चार उपघटकांचे चार अल्फा काढ. वय, उत्पन्न, प्रवासाचे तास असले रकाने त्यात चुकूनही येऊ देऊ नकोस.

तसे काढलेस की सुरक्षिततेचा अल्फा ०.४६ च्या आसपास दिसेल. घाबरून विधानं उडवायला लागू नकोस. त्या गटातलं चौथं विधान आहे, ‘रात्रीच्या गाडीत महिला डब्यात मला सुरक्षित वाटतं.’ बाकीची पाच भीतीची आहेत. ज्या बाईला भीती वाटते ती पाचांना ५ देते आणि या एकाला १. तू गुण उलटवले नाहीस, त्यामुळे हे एक विधान बाकी पाचांच्या विरुद्ध ओढतं. सहा विधानांचा सरासरी सहसंबंध ०.३७ धरला, तर एक विधान उलटवायचं राहिल्यावर अल्फा ०.४६ येतो आणि उलटवल्यावर तोच ०.७८ होतो. पाच बिंदूंच्या श्रेणीत ६ मधून मूळ गुण वजा केले की झालं. आर मध्ये असं:

```r
library(psych)
d$s4 <- 6 - d$s4
alpha(d[, c("s1","s2","s3","s4","s5","s6")])
```

निकालात `r.drop` हा रकाना पाहा. एखादं विधान त्याच गटातल्या उरलेल्या विधानांच्या बेरजेशी किती जुळतं, ते तो दाखवतो. आकडा ऋण असेल तर बहुतेक वेळा गुण उलटवायचे राहिलेले असतात. ०.३० च्या खाली असेल तर विधान वाचून कारण शोधायचं.

गर्दीच्या गटात तुला असं एक सापडेल: ‘सकाळी गाडीत उभं राहायलाही जागा नसते.’ जवळजवळ सगळ्यांनी ५ दिलेत. मुंबईत दुसरं काय देणार! विधान शंभर टक्के खरं आहे, पण जिथे सगळ्यांचं उत्तर एकच तिथे कमी ताण असलेली आणि जास्त ताण असलेली बाई वेगळी कळत नाही. ते काढ. याउलट एखाद्या विधानाचा `r.drop` ०.२७ असेल आणि तज्ज्ञांनी ते एकमताने ठेवलं असेल, तर ३० जणींच्या जोरावर ते उडवू नकोस. इतक्या छोट्या नमुन्यात हे आकडे बरेच हलतात. सहा विधानं आणि ३० व्यक्ती असताना ०.७८ अल्फाचा ९५ टक्के विश्वास अंतराल साधारण ०.६३ ते ०.८८ येतो. ०.७० ओलांडलं म्हणून पेढे वाटावेत इतका तो पक्का नाही. अल्फा ०.९५ च्या वर गेला तरी थांबून बघ, बहुधा एकच गोष्ट शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारलेली असते.

पद्धतीच्या प्रकरणात मग साधारण असं लिही. पायलटचे आकडे पुन्हा घेतल्यावर जे येतील ते घाल, खालचे नमुन्यादाखल आहेत:

‘प्राथमिक मसुद्यात २८ विधाने होती. सहा तज्ज्ञांनी प्रत्येक विधानाची समर्पकता चार बिंदूंच्या श्रेणीवर तपासली. आय-सीव्हीआय ०.७८ पेक्षा कमी असलेली चार विधाने वगळली. उर्वरित २४ विधानांचा आय-सीव्हीआय ०.८३ ते १.०० व सरासरी ०.९३ होती. सहा स्त्रियांच्या मुलाखतींनंतर तीन विधानांची भाषा बदलली. मुख्य नमुन्यात नसलेल्या ३० स्त्रियांवर पायलट घेतला. दोन विधाने वगळल्यावर २२ विधाने राहिली. उलट दिशेच्या विधानांचे गुण उलटवून क्रोनबाख अल्फा काढला: गर्दी (५ विधाने) ०.७४, अनिश्चितता (६) ०.८१, सुरक्षितता (६) ०.७८, थकवा (५) ०.७१. मुख्य नमुन्यातील अल्फा अनुक्रमे __, __, __, __.’

शेवटच्या चार रिकाम्या जागा विसरू नकोस. पायलटचा अल्फा त्या ३० जणींच्या उत्तरांचा असतो. तुझे निष्कर्ष ज्या नमुन्यावर उभे आहेत, त्याचा अल्फा वेगळा काढून द्यावाच लागतो. ‘प्रश्नावली विश्वसनीय आहे’ असंही लिहू नकोस, ‘या नमुन्यात गुणांची अंतर्गत सुसंगती अमुक इतकी आढळली’ असं लिही. अल्फावरून प्रश्नावली ताणच मोजते हेही सिद्ध होत नाही आणि चार उपघटक खरोखर वेगळे आहेत हेही नाही. दुसऱ्यासाठी घटक विश्लेषण लागतं आणि ते ३० जणींवर होत नाही, तेव्हा मर्यादांमध्ये ते सरळ नोंदव. दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची असेल, तर मधे मोठा ब्लॉक किंवा पावसाने गाड्या बंद पडलेला दिवस येणार नाही असा काळ निवड. नाहीतर बदललेला असेल प्रवास आणि दोष जाईल प्रश्नावलीकडे.

एथिक्स कमिटीने मंजूर केलेली प्रत २८ विधानांची आहे. नवा पायलट घेण्याआधी सुधारित प्रत बदलांच्या यादीसह त्यांच्याकडे दे आणि तज्ज्ञांच्या गुणांचा तक्ता, नावं काढून, परिशिष्टात जोड.

तुझा,
सर