बँकेत राहिलेली अर्धी चिठ्ठी

प्रश्न: मी ७१ वर्षांची विधवा आहे आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. २० मे २०२२ रोजी मी मुदत ठेव मोडून २,४०,००० रुपये काढले आणि त्याच संध्याकाळी भाच्याला कृषी केंद्र उघडण्यासाठी रोख दिले. भावाचा मुलगा म्हणून कागद केला नाही, व्याजही ठरवले नाही. मी मागत राहिले आणि तो “कापूस येऊ द्या, आत्या” म्हणत राहिला. तान्ह्या पोळ्यानंतर, ६ सप्टेंबर २०२४ ला, त्याने बँकेत जाऊन माझ्या खात्यात दहा हजार भरले, तेवढेच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मी पूर्ण रकमेचा दावा लावला. आता त्याची कैफियत आली आहे की पैसे घेतलेच नाहीत आणि दावा मुदतीबाहेर आहे. वहिनी रडते, दावा मागे घ्या म्हणते. तिचा बिचारीचा काही दोष नाही. गावाला सारे ठाऊक आहे. तरी न्यायालय मलाच खोटी ठरवेल का?

उत्तर:

ताई, वहिनींच्या रडण्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. त्यांचा दोष असो वा नसो, त्यांच्या अश्रूंनी तुमचा दावा सिद्धही होत नाही आणि फेटाळलाही जात नाही. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. अख्ख्या पत्रात ज्या एका ओळीवर तुमचा दावा तरणार किंवा बुडणार आहे, ती ओळ तुम्ही “तेवढेच” म्हणून झटकून टाकली आहे. हे दहा हजार तुम्ही वकिलांना सांगितले आहेत का? दावा पूर्ण रकमेचा लावला आहे, त्यावरून नसावेत असे दिसते.

आधी मुदतीचे पाहू, कारण भाच्याच्या वकिलांनी नेम तिथेच धरला आहे. परतफेडीची तारीख न ठरवता हातउसने दिलेल्या पैशांचा दावा पैसे दिल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. तुमची तीन वर्षे २० मे २०२५ ला संपली आणि दावा त्यानंतर सहा महिन्यांनी गेला. तुम्ही दर हंगामाला मागितले आणि त्याने दर हंगामाला तोंडी वायदा केला, याने मुदत एक दिवसही वाढत नाही. म्हणजे आज कागदावर जेवढे आहे तेवढ्यावर तुमचे म्हणणे शब्दन् शब्द खरे मानले, तरी तुम्ही हरू शकता.

पण १९६३ च्या मुदत कायद्यात कलम १९ आहे. मुदत संपण्याआधी ऋणकोने कर्जापोटी काही रक्कम फेडली, तर त्या दिवसापासून तीन वर्षे नव्याने मोजली जातात. सप्टेंबर २०२४ चा भरणा मे २०२५ च्या आधीचा आहे, त्यामुळे तो धरला गेला तर मुदत ६ सप्टेंबर २०२७ पर्यंत जाते आणि तुमचा दावा सहज आत बसतो. मात्र कायद्याची एक अट आहे, आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते: ती रक्कम दिल्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात असली पाहिजे किंवा त्याने सही केलेल्या कागदावर असली पाहिजे. त्याने दहा हजार तुमच्या हातावर ठेवले असते, तर ही अट पुरी होणे अवघड होते. तो मात्र स्वतः बँकेत गेला. खिडकीवर पैसे भरताना जी स्लिप भरतात, तिच्यावर खाते क्रमांक, रक्कम आणि तारीख असते आणि खाली भरणाऱ्याची सही असते. शिक्का मारून परत मिळतो तो छोटा तुकडा. सहीचा भाग बँकेत राहतो. जो माणूस उधारीवर खताचे एक पोते देतानाही वहीत शेतकऱ्याची सही घेतो, त्याने आत्याला काही लिहून दिले नाही, आणि तरी त्याची सही बँकेच्या कपाटात पडून आहे. मला तर याचे हसूच आले.

तुमच्या पासबुकाने हे काम होणार नाही. मे २०२२ ची नोंद दाखवते की पैसे तुमच्या खात्यातून निघाले. ते कोणाच्या हाती गेले हे ती सांगत नाही. सप्टेंबर २०२४ च्या नोंदीवरून रोख जमा झाल्याचे कळते, पण कोणी जमा केली हे बहुधा कळत नाही. गावाचेही तसेच आहे. ज्यांनी ही हकिकत तुमच्याच तोंडून ऐकली, त्यांची साक्ष म्हणजे तुमचेच बोलणे दुसऱ्याच्या तोंडून. त्या संध्याकाळी नोटा मोजताना घरात कोणी हजर असेल तर तेवढ्याच माणसाचे नाव द्या, मग ती तुमची सून का असेना.

आता वकिलांनी काय करायचे ते ऐका. मुदतीतून सूट कशाच्या आधारावर मागतो हे दाव्यातच लिहावे लागते, म्हणून दाव्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा लागेल, आणि तो तुमच्या साक्षीचे प्रतिज्ञापत्र दाखल होण्याआधी दिलेला बरा. सुनावणी सुरू झाल्यावर “हे आधी का सांगितले नाही?” या प्रश्नाचे पटण्याजोगे उत्तर द्यावे लागते, आणि विसरले होते हे तसे उत्तर नव्हे. त्याच अर्जात मागणी २,३०,००० करून घ्या. दहा हजार मिळाले असताना तुम्ही पूर्ण रक्कम मागत राहिलात, तर ते कर्जापोटी आले नव्हते असे तुम्हीच म्हटल्यासारखे होईल. मग बँकेच्या अधिकाऱ्याला मूळ स्लिप घेऊन हजर राहण्याचे समन्स काढायला सांगा. सही माझी नाही असे भाचा म्हणाला, तर ताडून पाहायला त्याची सही वकीलपत्रावर आणि कैफियतीवर आहेच.

एक कच्चा दुवा मी लपवणार नाही. पैसे कशाचे, हे स्लिपवर लिहिलेले नसणार. “म्हातारी आत्या, औषधाला दिले,” असे तो म्हणेल. म्हणू द्या. तसे म्हटले की पैसे भरले ते त्यानेच, हे तरी त्याने कबूल केले. मग तुमच्या वकिलांनी उलटतपासात एवढेच विचारावे की त्याआधी किंवा त्यानंतर आत्याला औषधासाठी कधी, किती आणि कसे पैसे दिले. तुमच्या पासबुकात त्याच्याकडून आलेली दुसरी रक्कम नसेल, तर त्याला उत्तर देणे जड जाईल. तुम्हाला हाच प्रश्न आला तर सरळ सांगा की मी उसने परत मागत होते आणि त्यातले दहा हजार त्याने भरले. त्यात पदरचे काही घालू नका.

खरा धोका आहे तो स्लिपवर सही दुसऱ्याच कोणाची असण्याचा. नुसते आकडे दुसऱ्याने लिहिले आणि खाली सही भाच्याची आहे, तर चालेल. पण त्याने दुकानातल्या पोराला पाठवले असेल आणि सही त्या पोराने केली असेल, तर कलम १९ चा आधार बहुतेक गेला. म्हणून तो खरोखर स्वतः गेला होता हे तुम्हाला कशावरून माहीत आहे, तेही वकिलांना सांगा.

बँका असे कागद कायमचे ठेवत नाहीत, तेव्हा पुढच्या तारखेची वाट पाहू नका. उद्याच शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. तिथे स्लिप मागत बसू नका, ती तुमच्या हातात कोणी देणार नाही, आणि कशासाठी हवी हे खिडकीवर सांगूही नका, कारण भाच्याचे खातेही त्याच शाखेत असू शकते. ६ सप्टेंबरची नोंद पासबुकात उमटलेली पाहा, शिक्क्याचा तुकडा घरी सापडला तर तो सोबत घ्या आणि तशाच तालुक्याला वकिलांकडे जा.