'अनामिक' आणि 'छद्मनामी': दोन्ही म्हणजे 'नाव काढलेली' का?

प्रश्न: कंपनीच्या डेटा प्रायव्हसी पॉलिसीचा मराठी मसुदा माझ्याकडे आलाय. त्यात "वैयक्तिक विदा अनामिक किंवा छद्मनामी केल्याखेरीज त्याचे बाह्य प्रकटन करण्यात येऊ नये" असं वाक्य आहे. सगळ्या कर्मचाऱ्यांना कळेल असं लिहायचंय. दोन्हींसाठी 'नाव काढलेली माहिती' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: चालणार नाही. वाक्य सोपं होईल, पण चुकीचं होईल.

कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी केली असं धरा. एक्सेलमध्ये नाव, विभाग, पद, जन्मतारीख आणि उत्तरं असे रकाने आहेत. कुणीतरी नावाचा रकाना उडवून त्या जागी क-१, क-२ असे क्रमांक घातले आणि कोणता क्रमांक कुणाचा याची यादी एचआरकडे ठेवली. ही झाली छद्मनामी माहिती. यादी हाताशी असली की क-१७ कोण हे क्षणात कळतं. म्हणूनच युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने (२०१८ पासून लागू) अशी माहिती वैयक्तिकच मानली आहे. तिला त्या कायद्याचे नियम लागतात. अनामिक माहितीला मात्र तो कायदा लागत नाही, कारण ती कुणाची हे व्यवहारात कुणालाच शोधता येत नाही.

आता ती यादी फाडून टाकली तर फाइल अनामिक होईल का? बहुधा नाही. लेखा विभागात व्यवस्थापक एकच असेल तर 'लेखा' आणि 'व्यवस्थापक' हे दोन रकाने पुरेसे आहेत. त्यात जन्मतारीख म्हणजे नाव छापल्यासारखंच. जन्मतारखेऐवजी वयोगट हवा, दोन-चार माणसांचे विभाग एकत्र करायला हवेत. आणि 'आणखी काही सांगायचंय?' या रकान्यात "बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर माझी टीम बदलली" असं कुणी लिहिलं असेल, तर बाकी सगळी मेहनत वाया. 'नाव काढलेली' हा शब्द नेमकी हीच फसगत करतो: नाव गेलं म्हणजे काम झालं असं वाचणाऱ्याला वाटतं.

माझी सुचवणी: छद्मनामीसाठी 'ओळख झाकलेली' आणि अनामिकसाठी 'ओळख पुसलेली'. झाकलेलं उघडता येतं, पुसलेलं परत येत नाही. व्याख्या न वाचताही फरक कानाला कळतो. शब्द एकदा ठरले की पॉलिसीभर तेच ठेवा. शाळेत निबंधात एकच शब्द पुन्हा आला की बाई लाल रेघ मारायच्या. इथे ती सवय सोडा. एका परिच्छेदात 'ओळख पुसलेली' आणि पुढच्यात 'निनावी' आलं, की वाचणारा तिसरा प्रकार शोधत बसतो.

'विदा' शब्दाशी माझं वैर नाही, पण सामान्यरूप 'विदाचे' की 'विद्याचे' इथेच लिहिणारा अडखळतो. इथे 'माहिती' पुरते. 'बाह्य प्रकटन' म्हणजे 'कंपनीबाहेर पाठवणं'. खरी अडचण 'करण्यात येऊ नये' ही आहे. कुणी करू नये? वाचणाऱ्याला वाटतं, आयटीवाल्यांनी. म्हणून थेट 'पाठवू नका' म्हणा.

शिवाय मूळ वाक्यातला 'किंवा' मला खटकतो. त्याने ओळख झाकलेली फाइलही बिनधास्त बाहेर धाडायची मुभा मिळते. तसा हेतू नसावा, पण तो निर्णय भाषांतर करणाऱ्याने स्वतःच्या जोरावर घेऊ नये. माहिती-संरक्षण सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला लेखी विचारा. त्यांनी होकार दिला तर असं लिहिता येईल:

> सहकाऱ्यांची किंवा ग्राहकांची माहिती कंपनीबाहेर पाठवायची असेल तर आधी तिच्यातली ओळख पुसा: ती कुणाची हे कुणालाच शोधता येता कामा नये. नावाऐवजी फक्त क्रमांक घातले असतील तर ओळख नुसती झाकली गेली आहे. अशी फाइल माहिती-संरक्षण अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पाठवू नका. कोणता क्रमांक कुणाचा ही यादी कधीच बाहेर पाठवू नका.

मूळ वाक्यापेक्षा हे बरंच लांब आहे. लांबू द्या.

मसुदा तपासताना सहकाऱ्याला "समजलं का?" विचारू नका; सगळे हो म्हणतात. हा परिच्छेद आणि क्रमांक घातलेली एक नमुना फाइल, माहिती अर्थातच काल्पनिक, समोर ठेवा आणि विचारा, "ही बाहेरच्या एजन्सीला पाठवाल का?" उत्तर "नावं नाहीत, मग पाठवू की" असं आलं, तर क्रमांकाचं वाक्य परिच्छेदात सगळ्यात वर न्या आणि दुसऱ्या कुणाला तरी दाखवा.